दुपारनंतरचे फिल स्प्रेडच्या बाहेर का दिसतात

प्रश्न: दादा, बाजार बंद झाला की मी रोज एक रूटीन चालवतो, प्रत्येक फिलला त्या वेळचा कोट लावून स्लिपेज काढायचं. फिलचा लॉग मुंबईच्या क्लाउड सर्व्हरवर आहे आणि कोट घरच्या मशीनवर, कोथरूडला, रेकॉर्ड होतात. सकाळचे सौदे नीट जुळतात पण दोन-अडीचनंतर मार्केट ऑर्डरचे कितीतरी बाय चक्क बिडच्या खाली झालेले दिसतात. इतका चांगला भाव मिळतोय का माझा कोड चुकतोय?

उत्तर:

कोड बहुतेक बरोबर असेल, घड्याळ चुकतंय. आणि भाव तर नक्कीच मिळत नाहीये, समोरचा पुस्तकात उभा असताना मार्केट ऑर्डरला बिडच्या खाली माल कोण देणार? एखाद-दुसरा फिल असा दिसला तर फीडचा गोंधळ म्हणून सोडून देता येतं, पण सकाळी नीट आणि दुपारी बिघाड असं रोज होत असेल तर ते दिवसभर सरकत जाणारं काहीतरी आहे, आणि दिवसभर हळूहळू सरकत जाते अशी तुमच्या सेटअपमधली वस्तू एकच, ज्या मशीनवर कोट रेकॉर्ड होतात त्याचं घड्याळ.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय कारण हाच खड्डा आम्ही आधी पाहिलाय, नुसता पाहिला नाही तर आत पडून झालंय. बाणेरला एका छोट्या ट्रेडिंग टीममध्ये होतो तेव्हा आमचाही असाच जोड होता, ऑर्डर मुंबईतून आणि कोटचं रेकॉर्डिंग पुण्यातल्या ऑफिसात एका जुन्या डेस्कटॉपवर, कारण क्लाउडवर एवढा डेटा साठवायचे पैसे वाचवायचे होते. तीन आठवडे आमच्या रिपोर्टमध्ये येत होतं की मार्केट ऑर्डर झकास चाललेत आणि लिमिट ऑर्डर मार खातायत. मग काय, रिपोर्टवर विश्वास ठेवून आम्ही लिमिट कमी केले आणि मार्केट ऑर्डर वाढवले, म्हणजे जिथे स्प्रेड वाचत होता तिथे भरायला लागलो. रिपोर्ट दर आठवड्याला आणखी छान दिसायचा आणि बँकेतला आकडा काही तसं म्हणेना, तेव्हा कुठे शंका आली.

आधी दिशा डोक्यात पक्की बसवा, कारण इथे भलेभले उलटसुलट करतात (मीही दर वेळी कागद घेतो). मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चाललाय असं धरा. एक दिवाणजी भाव बदलला की वेळ आणि भाव वहीत लिहितो, दुसरा सौदा झाला की वेळ आणि रक्कम लिहितो. भाव लिहिणाऱ्याचं घड्याळ एक मिनिट मागे आहे. भाव खरं तर १० वाजून ५ मिनिटांनी चढला, त्याने लिहिलं १० वाजून ४. तुमचा सौदा झाला १० वाजून ४ मिनिटं ३० सेकंदांनी, म्हणजे भाव चढायच्या आधी, जुन्या भावाने. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर काय दिसतं, भाव ४ लाच चढला होता आणि तरी साडेचारला तुम्हाला जुन्या भावाने माल मिळाला, वा! कोट लिहिणारं घड्याळ मागे पडलं की प्रत्येक फिलला असा पुढचा, तेव्हा अजून झालेलाच नसलेला कोट चिकटतो. घड्याळ पुढे असलं तर उलटं, शिळा कोट चिकटतो.

आता हेच आमच्या एका खऱ्या सौद्यासारख्या आकड्यांत बघा. शेअर सहाशे बारा रुपयांच्या आसपास, दुपारचे अडीच वाजून गेलेत. १४:३२:१०.१०० ला बिड ६१२.४० आणि आस्क ६१२.५०. आमची बायची मार्केट ऑर्डर १४:३२:१०.४०० ला ६१२.५० ला भरली, म्हणजे सरळ आस्कला, जसं व्हायला हवं तसं. मग भाव पळाला, १०.८५० ला ६१२.६० / ६१२.७५ आणि ११.१०० ला ६१२.८५ / ६१२.९५. खरा हिशोब काय, मधला भाव ६१२.४५, आपण ५ पैसे जास्त दिले, ५०० शेअरला २५ रुपये खर्च. आता कोटचे वेळेचे शिक्के ७५० मिलिसेकंद मागे सरकवा. ते तीन कोट फाइलमध्ये ०९.३५०, १०.१०० आणि १०.३५० असे पडतात. फिलचा शिक्का आहे १०.४००, त्याच्या आधीचा शेवटचा कोट शोधला की हाती येतो तिसरा, ६१२.८५ / ६१२.९५. मधला भाव ६१२.९०, फिल ६१२.५०, म्हणजे ४० पैसे ‘फायदा’, ५०० शेअरला २०० रुपये. आणि फिल बिडपेक्षाही ३५ पैसे खाली, तुम्हाला जे दिसतंय ते हेच. पाऊण सेकंदाच्या चुकीने २५ रुपयांचा खर्च २०० रुपयांचा फायदा झाला.

पुष्कळ लोक इथे म्हणतात की अरे कधी वर कधी खाली, हजारभर सौद्यांच्या सरासरीत निघून जाईल ना. नाही जात, आणि ह्या सगळ्या प्रकरणातली ग्यानबाची मेख हीच आहे. सौदे बाजारात रँडम वेळी होत नाहीत. तुमची स्ट्रॅटेजी मोमेंटमवाली असेल तर भाव वर निघाल्यावरच ती बाय मारते, म्हणजे फिलनंतरच्या पाऊण सेकंदात भाव सरासरीने वरच जातो, आणि पुढचा कोट चिकटला की प्रत्येक बाय स्वस्त दिसतो. लिमिट ऑर्डरचं बरोब्बर उलटं. बिडला उभी असलेली तुमची बाय ऑर्डर भरते कधी, तर कोणीतरी जोरात विकायला येतो तेव्हा, म्हणजे फिलनंतर भाव खाली जायची शक्यता जास्त, आणि पुढचा कोट लावला की ती खरेदी महाग दिसते. म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये एकाच वेळी मार्केट ऑर्डर हिरो आणि लिमिट ऑर्डर व्हिलन झाले होते. जेवढे सौदे जास्त तेवढा हा खोटा निष्कर्ष जास्त ठाम, कारण चूक एकाच बाजूला आहे. तुमच्या डेटावर दोन्ही प्रकारचे ऑर्डर असतील तर हे लगेच तपासा, दुपारी एकाचं सुधारतंय आणि दुसऱ्याचं त्याच प्रमाणात बिघडतंय असं दिसलं तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता मोजायचं कसं. एक साधी युक्ती आहे, कोटचे शिक्के थोडे थोडे पुढे-मागे सरकवायचे, प्रत्येक वेळी मॅचिंग परत करायचं, आणि किती टक्के फिल स्प्रेडच्या बाहेर पडतात ते मोजायचं. ज्या सरकावावर हा आकडा सगळ्यात कमी तो तुमचा अंदाज.

```python
def outside(f, q, lag_ms):
    q = q.assign(ts=q.ts + pd.Timedelta(milliseconds=lag_ms))
    m = pd.merge_asof(f.sort_values("ts"), q.sort_values("ts"),
                      on="ts", by="symbol", direction="backward",
                      tolerance=pd.Timedelta("3s"))
    m = m.dropna(subset=["bid", "ask"])
    return ((m.price < m.bid) | (m.price > m.ask)).mean()
```

ह्यात `direction="backward"` असंच ठेवा. तुमच्या रूटीनमध्ये `"nearest"` असेल तर आधी ते काढा, कारण जवळचा म्हणून तो सर्रास पुढचा कोट उचलतो आणि मग घड्याळ अगदी बरोबर असलं तरी वर सांगितलेलीच चूक तुम्ही हाताने करताय. `tolerance` ह्यासाठी की फीड मध्ये तुटली असेल तर दहा मिनिटांपूर्वीचा कोट चिकटू नये, त्यापेक्षा तो फिल रिकामा राहिलेला बरा.

आणि सगळे फिल घेऊ नका. मोठी मार्केट ऑर्डर दोन-तीन लेव्हल खात जाते, तिचे नंतरचे तुकडे आस्कच्या वर भरणारच, त्यात घड्याळाचा काही संबंध नाही. म्हणून प्रत्येक ऑर्डरचा फक्त पहिला तुकडा घ्या, आणि शेअरही असे घ्या ज्यांचे कोट सतत हलतात. ज्याचा भाव मिनिटभर हलतच नाही तिथे कोट अर्धा सेकंद सरकवा नाहीतर दोन सेकंद, उत्तर तेच येतं, त्याच्याकडून घड्याळाबद्दल काही कळत नाही. आलेख काढला तर बशीसारखा दिसायला हवा, दोन्हीकडे चढ आणि मध्ये तळ. तळ शून्याला टेकणार नाही. ब्रोकरच्या वेबसॉकेटवरून येणारे कोट म्हणजे बहुतेक वेळा प्रत्येक टिक नसून मधूनमधून काढलेले फोटो असतात, दोन फोटोंच्या मध्ये झालेला सौदा थोडा बाहेर पडणारच. तुमची फीड सेकंदाला एकच फोटो देत असेल तर तळ चांगला पसरट येईल आणि शंभर मिलिसेकंदाच्या गप्पा मारता येणार नाहीत, पण पाऊण सेकंदाचा घोळ तरीही दिसेल, फक्त त्याला आठवड्याभराचे सौदे एकत्र करावे लागतील.

आता खरी गंमत. हे पूर्ण दिवसाचं एकदम करू नका, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा तळ वेगळा शोधा. आमच्याकडे ५० मिलिसेकंदाच्या पायऱ्यांनी सरकवत गेल्यावर साडेनऊच्या आसपास तळ आला उणे ५० ला, अकराला अधिक २००, साडेबाराला ४५० आणि अडीचला ७५०. कागदावर ठिपके ठेवले तर पट्टी लावून काढल्यासारखी सरळ रेघ. पाच तासांत, म्हणजे १८,००० सेकंदांत ८०० मिलिसेकंद, भागाकार केला की दर दहा लाख सेकंदांमागे साधारण ४४ सेकंद, ज्याला ४४ पीपीएम म्हणतात. मशीनच्या आतलं घड्याळ म्हणजे शेवटी क्वार्ट्झचा एक स्फटिक, तो ठरलेल्या वेगाने थरथरतो आणि कॉम्प्युटर ती थरथर मोजतो. स्वस्त स्फटिक काही दहा पीपीएमनी इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं, त्यात तापमानाने वेग बदलतो, आणि आमचा डेस्कटॉप तर पुण्याच्या एप्रिलमध्ये बिनएसीच्या खोलीत यूपीएसच्या शेजारी ठेवलेला. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद, त्या हिशोबाने आमचं मशीन दिवसाला पावणेचार सेकंदांच्या वर मागे पडत होतं. भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक आहे हो, कोण बघतं.

मग सकाळी बरोबर कसं असायचं? कारण कोणीतरी कधीतरी बूट स्क्रिप्टमध्ये `ntpdate` ची एक ओळ टाकून ठेवली होती. पावणेनऊला ऑफिस उघडलं की मशीन चालू व्हायचं, एकदा वेळ लावून घ्यायचं, आणि नंतर दिवसभर त्याच्याकडे बघणारं कोणी नाही. सतत वेळ जुळवत राहणारं क्रोनी इन्स्टॉल होतं, सर्व्हिस बंद होती. तुमच्याकडेही असंच काहीसं असणार असा माझा अंदाज आहे, रोज सकाळी मशीन चालू करत असाल तर जवळजवळ खात्रीच. मशीन रात्रंदिवस चालू असतं आणि कधीच सिंक नसतं तर सकाळीसुद्धा चूक असती, आणि दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त.

ती रेघ मागे पावणेनऊपर्यंत ओढून बघा. तिथे घड्याळ नुकतंच लावलेलं, म्हणजे त्याची चूक शून्य असायला हवी, पण रेघ शून्यावर येत नाही, आमची उणे १६५ मिलिसेकंदाच्या आसपास आली. हा आकडा घड्याळाचा नाही, वाटेचा आहे. कोट एक्स्चेंजमधून निघून ब्रोकरकडे, तिथून पुण्याला येईपर्यंत जेवढा उशीर होतो, त्यातून फिलचा निरोप तुमच्या मुंबईच्या सर्व्हरला पोचायला लागणारा वेळ वजा केला की हा फरक उरतो. म्हणजे रेघेचा उतार सांगतो घड्याळ, आणि रेघ जिथून सुरू होते ती उंची सांगते वाट. ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढणं फार महत्त्वाचं, कारण उतार एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवत राहून, बरा होतो आणि उंची होत नाही. दोन्ही घड्याळं एकदम पर्फेक्ट असली तरी कोट उशिरा आणि फिल लवकर पोचत असेल तर शिळा कोट चिकटतच राहणार. हा काही आपल्याकडचा नवा त्रास नाही. १९९१ मध्ये ली आणि रेडी ह्या दोघांनी न्यूयॉर्कच्या डेटावर लिहिलं होतं की सौद्याची तुलना त्याच क्षणीच्या कोटशी न करता पाच सेकंद आधीच्या कोटशी करा, कारण तिथे कोट झटकन नोंदला जायचा आणि सौदा मागून. तो पाच सेकंदांचा नियम त्या काळच्या त्या फ्लोअरसाठी होता, तुम्ही तो उचलून इथे लावू नका. तुमचा आकडा तुमच्या डेटातून काढा.

रेघ सरळ न येता मध्येच पायरी आली तर समजा दिवसात कोणीतरी वेळ उडी मारून बदलली, किंवा मशीन झोपून उठलं. व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्ट आणि आतलं क्रोनी दोघंही वेळ लावायला बघतात आणि करवतीच्या दातांसारखा आलेख येतो, तेव्हा दोघांपैकी एकाला घरी बसवायचं.

उपाय सांगतो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्रश्नच उरू द्यायचा नाही, कोट आणि फिल दोन्ही एकाच मशीनवर, एकाच घड्याळाने शिक्का मारून लिहा. मग घड्याळ चुकीचं असलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकीचं, वजाबाकीत निघून जातं. तुमच्या मुंबईच्या सर्व्हरवरच कोट घ्या, दिवसाच्या शेवटी फाइल दाबून कोथरूडला ओढून आणा, साठवण घरी आणि शिक्का तिथे. आम्ही शेवटी हेच केलं. पैसे वाचवायचेत ते साठवणीत वाचवा, शिक्क्यात नको.

एक्स्चेंजचा शिक्काच का नाही वापरायचा असं पुढचं विचाराल. मिळत असेल तर जरूर ठेवा, पण ब्रोकरच्या फीडमध्ये तो बऱ्याचदा पूर्ण सेकंदातच येतो, आणि सौद्याची वेळही सेकंदातच. वरच्या उदाहरणातले फिल आणि पहिले दोन कोट तिन्ही १४:३२:१० च्या पोटात आहेत. आधी कोण आणि नंतर कोण हे त्या शिक्क्यावरून कळणारच नाही. म्हणून दोन्ही कॉलम ठेवा, क्रम लावायला आपला शिक्का, आणि आपलं घड्याळ वाहवत गेलं का हे बघायला एक्स्चेंजचा. आपल्या शिक्क्यातून एक्स्चेंजचा वजा करून अर्ध्या तासाची मिडियन काढली तर सेकंदाच्या गोलाईतूनही सरकत जाणारी रेघ दिसते, त्याला तर फिलसुद्धा लागत नाहीत.

दोन मशीनच ठेवायची असतील तर दोन्हीकडे क्रोनी चालू हवं, एकदा वेळ लावून गप्प बसणारं काही नको. कोथरूडच्या मशीनला एवढं पुरतं:

```
server time.nplindia.org iburst
server samay1.nic.in iburst
server samay2.nic.in iburst
pool in.pool.ntp.org iburst
makestep 1.0 3
rtcsync
logdir /var/log/chrony
log tracking
```

पहिला सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, जिथे भारतीय प्रमाणवेळ सांभाळली जाते, पुढचे दोन एनआयसीचे. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २०२२ च्या आदेशात ह्याच दोन संस्थांचं नाव आहे, त्यामुळे ऑफिसमध्ये कोणी विचारलं तरी उत्तर तयार. स्रोत दोनच ठेवू नका, दोघांत भांडण झालं तर खरं कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही. `makestep 1.0 3` चा अर्थ असा की सुरुवातीच्या तीन अपडेटमध्येच, आणि चूक एक सेकंदापेक्षा मोठी असेल तरच, वेळ उडी मारून बदला, त्यानंतर जे काही दुरुस्त करायचं ते घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून. भर बाजारात घड्याळाने मागे उडी मारली तर नंतर आलेल्या कोटला आधीचा शिक्का बसतो आणि क्रमच मोडतो, ते टाळायला हे. मशीन नऊच्या आधी चालू करा म्हणजे उडी-बिडी काय मारायची ती बाजार उघडायच्या आत मारून होईल. आणि तुमच्या कोडमध्ये दोन घटनांमधलं अंतर मोजायला `time.time()` वापरलं असेल तर तिथे `time.monotonic()` करा, शिक्क्यासाठी मात्र पहिलंच.

चालू केल्यावर आधी `chronyc sources` बघा. `Reach` खाली शून्य असेल तर राउटर किंवा ऑफिसचा फायरवॉल यूडीपी १२३ अडवतोय, क्रोनी चालू दिसेल आणि करत काहीच नसेल. हे आमच्याकडे दुसऱ्या ऑफिसात झालंय, दोन महिने सगळे खूश होते की आता सिंक आहे म्हणून. मग तासाभराने `chronyc tracking`. आमच्या डेस्कटॉपवर त्यात ही ओळ आली:

```
Frequency       : 43.812 ppm slow
```

ही ओळ म्हणजे क्रोनीने सावरलं नसतं तर घड्याळ किती वेगाने मागे पडलं असतं ते. आम्ही फिल आणि कोट सरकवून काढलेला उतार ४४ होता. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आल्यावर मग वाद संपला, तोवर टीममधला एक जण ठामपणे म्हणत होता की आपला एक्झिक्युशनचा कोडच भारी आहे.

त्याच आउटपुटमधून घड्याळ किती विश्वासाचं हेही काढता येतं: `System time` मधला फरक, अधिक `Root dispersion`, अधिक `Root delay` चा अर्धा. घरच्या फायबरवर ही बेरीज साधारण काही मिलिसेकंद ते काही दहा मिलिसेकंद येते, आपल्या कामाला पुष्कळ झाली. अर्धा `Root delay` धरायचा कारण एनटीपी जायचा आणि यायचा वेळ सारखाच आहे असं मानून चालतं, आणि जाताना रस्ता मोकळा पण येताना ट्रॅफिक असं असेल तर तेवढ्या फरकाचा निम्मा भाग चूक म्हणून आत येतो, हे बाहेरून दिसत नाही. मायक्रोसेकंदाचं काम असतं तर पीटीपी आणि हार्डवेअरमध्येच शिक्का मारणारं नेटवर्क कार्ड लागलं असतं, युरोपच्या नियमांत हाय फ्रिक्वेन्सीवाल्यांना १०० मायक्रोसेकंदांची मर्यादा आहे, पण ब्रोकरच्या वेबसॉकेटवर ते घेणं म्हणजे बैलगाडीला डिजिटल स्पीडोमीटर.

ही बेरीज दर मिनिटाला लिहून ठेवा आणि रूटीनला शिकवा की मर्यादेच्या वर गेली तर त्या मिनिटाचे फिल जुळवायचेच नाहीत, वेगळे काढून ठेवायचे. आम्ही मर्यादा ५० मिलिसेकंद ठेवली होती, तुमची फीड किती वेगाने हलते त्यावर तुम्ही ठरवा. दोन फोटोंमधलं अंतर एक सेकंद असेल तर ५० चा हट्ट कशाला.

राहिला जुना डेटा. तो फेकू नका, रेघ सरळ असेल तर दुरुस्त होतो. प्रत्येक दिवसाची रेघ वेगळी काढा, कालचा उतार आजला लावू नका, कारण खोलीचं तापमान बदललं की उतार थोडा बदलतो. मूळ शिक्क्याला हात लावायचा नाही, `ts_fixed` म्हणून नवा कॉलम करायचा आणि त्यात मूळ वेळ अधिक त्या क्षणी रेघेवर येणारा सरकाव. मग वाटेचा फरकही त्यातच निघून जातो. फक्त एक खबरदारी, स्प्रेडच्या बाहेरचे फिल कमी करून तुम्ही सरकाव शोधलाय, त्यामुळे नंतर ‘बघा, बाहेरचे फिल कमी झाले’ हा पुरावा म्हणून चालणार नाही, तो तर होणारच. ज्या दिवशीचे सौदे वापरून रेघ काढली त्यातले निम्मे बाजूला ठेवा, रेघ उरलेल्यांवर काढा आणि बाजूला ठेवलेल्यांवर तपासा. आमच्या त्या तीन आठवड्यांचं असं केल्यावर मार्केट ऑर्डरचा सगळा फायदा गेला, स्प्रेडच्या निम्म्याएवढा खर्च राहिला, आणि लिमिट ऑर्डर त्यांच्यापेक्षा स्वस्त निघाले.

ज्या दिवशी दुपारी लाइट गेली, यूपीएस संपला आणि मशीन मध्येच परत चालू झालं, त्या दिवसाची रेघ दोन तुकड्यांत येईल, कारण बूटला `ntpdate` ने वेळ परत लावली असणार. `last reboot` ने ती वेळ मिळते. तिच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा वेगळा धरा, आणि नंतरच्या तुकड्यात पुरेसे सौदे नसतील तर तेवढा भाग हिशोबातून सोडून द्या. आमचे असे चार दिवस निघाले, तीन दुरुस्त झाले, चौथ्या दिवशी लाइट तीन वाजता आली होती आणि नंतर फक्त अकरा फिल होते, ते सोडले.